पाय हलू लागल्यानंतरची सावधानता

व्यापारी घरात आकड्यांचा अर्थ लावायला कोणी शिकवावे लागत नाही. दिवसअखेरीस गल्ल्यात पाच हजार रुपये निघाले, तर ते पुष्कळ की थोडे, हे सकाळची आरंभीची शिल्लक पाहिल्याशिवाय कोणीच सांगत नाही. शरीराच्या आकड्यांबाबत मात्र हीच शहाणी माणसे एक ठरावीक माप सर्वांना लावून मोकळी होतात. रक्तदाब एकशेचाळीस म्हणजे ‘थोडासा वाढलेला’, काळजीचे फारसे कारण नाही, असे घरोघरी मानले जाते. बहुतेकांच्या बाबतीत ते चालूनही जाते. परंतु ज्याच्या मज्जारज्जूला छातीच्या वरच्या भागात किंवा मानेत दुखापत झालेली आहे, त्याच्या बाबतीत हाच आकडा मेंदूतील रक्तस्रावाची पूर्वसूचना असू शकतो.

पालघर, बोईसर आणि तारापूरच्या औद्योगिक पट्ट्यात अशी दुखापत दुर्मीळ मानता येणार नाही. कारखान्यांच्या आणि गोदामांच्या छपरांवर सिमेंटचे पत्रे आहेत. पावसाळ्यापूर्वी ते दुरुस्त करण्यासाठी माणसे वर चढतात, आणि जुना पत्रा पावलाखाली फुटतो. ताडाच्या झाडावरून पडणारे आहेत, तसेच मुंबई–अहमदाबाद महामार्गावरील अपघातांत सापडणारेही आहेत. अपघातानंतर शस्त्रक्रिया होते, माणूस घरी येतो, आणि त्यानंतरची खरी राखण कुटुंबाकडे येते. म्हणून या दुखापतीच्या दोन अवस्था कुटुंबाने नीट ओळखल्या पाहिजेत. पहिल्या अवस्थेत रक्तदाब कोसळतो आणि माणसाला आडवेच ठेवावे लागते. दुसऱ्या अवस्थेत रक्तदाब उसळतो आणि त्याच माणसाला ताबडतोब उठवून बसवावे लागते.

या दोन्ही अवस्था एका उदाहरणातून पाहू. उदाहरणातील व्यक्ती काल्पनिक आहे. तिच्यावर येणारे प्रसंग मात्र अशा दुखापतीत नेहमी दिसणारे आहेत. बोईसरचे एक सेहेचाळीस वर्षांचे व्यापारी मे महिन्याच्या अखेरीस आपल्या गोदामाचे छप्पर पाहण्यासाठी वर चढले. पत्रा फुटला आणि ते अठरा फुटांवरून खाली फरशीवर पडले. शुद्ध होती, बोलणेही स्पष्ट होते. फक्त एवढेच म्हणत होते, “छातीखाली मला काहीच कळत नाही.”

अशा वेळी आसपासची माणसे प्रेमापोटीच घात करतात. काखेत हात घालून उचलायचे, टेम्पोत बसवायचे, तोंडाला पाणी लावायचे. मोडलेल्या मणक्याच्या आत मज्जारज्जू अर्धवटच दुखावलेला असू शकतो, आणि त्या उचलण्यात उरलेला भागही चिरडला जाऊ शकतो. गोदामातील एका जुन्या हमालाने सर्वांना थांबविले. एकाने डोक्याशी गुडघे टेकून दोन्ही हातांनी डोके आहे त्या स्थितीत धरले, दुसऱ्याने १०८ क्रमांकावर रुग्णवाहिका बोलावली. ती येईपर्यंत अंगावर चादर घातली. पाणी दिले नाही. पुढे चार जणांनी मिळून, डोके, खांदे, कंबर आणि पाय एकाच वेळी एखाद्या ओंडक्यासारखे वळवून, त्यांना फळीवर घेतले. या नियमाला अपवाद एकच: श्वास अडत असेल, किंवा आग, वायुगळती यांसारखा धोका जवळ असेल, तर आधी प्राण वाचवावा, मणका नंतर.

रुग्णालयात त्यांचा रक्तदाब ८४/५० भरला. अपघातात रक्तदाब उतरला की पहिला संशय रक्तस्रावाचा घ्यावाच लागतो, आणि डॉक्टरांनी तोच घेतला. परंतु रक्तस्रावात नाडी सहसा जलद चालते, हातपाय गार आणि घामेजलेले लागतात. येथे नाडी मिनिटाला ५४ होती आणि पाय उबदार, कोरडे होते. याचे कारण असे की रक्तवाहिन्यांना सतत थोडेसे आवळून धरण्याचा हुकूम मेंदूकडून मज्जारज्जूतूनच खाली येतो. तो मार्ग छातीत तुटला की खालच्या वाहिन्या सैल पडतात आणि रक्त तेथेच साठून राहते. तपासणीत छातीच्या चौथ्या मणक्याच्या पातळीवर मज्जारज्जू निकामी झाल्याचे आढळले.

याच काळात त्यांचे पाय पूर्णपणे लुळे होते. गुडघ्याखाली हातोडीने ठोकले तरी पाय उडत नव्हता, आणि मूत्राशय भरूनही लघवी सुटत नव्हती. या अवस्थेला ‘स्पायनल शॉक’ म्हणतात. शॉक या शब्दाने घाबरून त्याचा रक्तदाबाशी घोटाळा करू नये. हा शब्द मज्जारज्जूच्या स्तब्धतेसाठी आहे. दुखापतीखालचा मज्जारज्जू मेलेला नसतो. वरून येणारे संदेश एकाएकी बंद झाल्यामुळे तो काही दिवस, कित्येकदा काही आठवडे, मूक होतो. या काळात लघवीची नळी घालणे आणि दर दोन तासांनी कूस बदलणे यांवर बरेच काही अवलंबून असते.

पाचव्या आठवड्यात एके सकाळी अंग पुसताना त्यांचा उजवा पाय झटक्यात वर आला. पत्नीने घरी फोन केला, “पाय हलला!” घरात पेढे आले. हा आनंद कोणालाही समजण्यासारखा आहे, पण हा प्रसंग काय सांगतो ते नीट समजून घेणे आवश्यक आहे. तो पाय त्यांनी स्वतः हलविला नव्हता. हलवायला सांगितल्यावर तो हलत नव्हता. पुसण्याच्या स्पर्शाला खालच्या मज्जारज्जूने परस्पर दिलेले ते उत्तर होते. मुका झालेला मज्जारज्जू जागा झाला होता, पण मालकाशी संपर्क तुटलेल्या अवस्थेत. सांगितल्यावर अंगठा हलला, तर ती सुधारणा. आपोआप पाय उडाला, तर स्पायनल शॉक ओसरला एवढाच त्याचा अर्थ. आणि ज्यांची दुखापत छातीच्या सहाव्या मणक्याच्या पातळीवर किंवा त्याहून वर आहे, त्यांच्यासाठी साधारण येथूनच दुसऱ्या धोक्याचा काळ सुरू होतो. बहुतेकांना पहिला झटका दुखापतीनंतरच्या पहिल्या वर्षात येतो. क्वचित तो पहिल्या महिन्यातही येतो.

या धोक्याचे नाव ‘ऑटोनॉमिक डिसरिफ्लेक्सिया’. नाव अवघड असले तरी त्याची घडण समजण्यासारखी आहे. मूत्राशय तुडुंब भरले की त्याची तक्रार मज्जारज्जूत वर जाऊ लागते. दुखापतीच्या जागी मार्ग बंद असल्याने ती मेंदूपर्यंत पोहोचत नाही, म्हणून माणसाला लघवी लागल्याचे कळत नाही. पण खालचा जागा झालेला मज्जारज्जू त्या तक्रारीने खवळतो आणि पोटातील व पायांतील रक्तवाहिन्या करकचून आवळतो. पोटातील वाहिन्यांत शरीरातील रक्ताचा मोठा साठा असतो; तो सारा वर ढकलला जातो आणि रक्तदाब चढतो. मानेतील आणि हृदयाजवळील रक्तवाहिन्यांत दाब मोजणारी केंद्रे आहेत, ती मेंदूला तत्काळ कळवितात. मेंदू दोन उपाय योजतो. हृदयाची गती कमी करतो, कारण त्या नसेचा मार्ग मज्जारज्जूतून जात नाही. आणि ‘वाहिन्या सैल करा’ असा हुकूम खाली धाडतो, जो दुखापतीच्या जागीच अडतो. परिणामी वरचे शरीर लालबुंद, घामाने डबडबलेले, आणि खालचे फिकट व गार. आणि ज्या कारणाने हे सुरू झाले ते दूर होईपर्यंत दाब चढतच राहतो. सहाव्या मणक्याच्या खाली दुखापत असेल, तर पोटातील वाहिन्यांवर मेंदूचा बराचसा ताबा शिल्लक राहतो. म्हणून त्या रुग्णांत हा झटका सहसा येत नाही.

मूत्राशय आणि रक्तदाब यांचे हे नाते दुसऱ्या महायुद्धातील जखमी सैनिकांवर उपचार करताना स्पष्ट झाले. जर्मनीतून १९३९ मध्ये परागंदा झालेले ज्यू मज्जातंतुतज्ज्ञ लुडविग गटमन यांनी १९४४ मध्ये इंग्लंडमधील स्टोक मँडेव्हिल येथे अशा रुग्णांसाठी विभाग सुरू केला. त्यांनी आणि डेव्हिड व्हिटरिज यांनी मूत्राशय भरत जाताना रक्तदाबाचे काय होते ते मोजले आणि १९४७ मध्ये प्रसिद्ध केले. त्याच रुग्णालयाच्या आवारात १९४८ मध्ये सुरू झालेल्या खेळांतून पुढे पॅरालिम्पिक स्पर्धा उभ्या राहिल्या. १९६५ च्या युद्धात गोळ्या लागून अपंगत्व आलेले सांगली जिल्ह्याचे मुरलीकांत पेटकर यांनी १९७२ मध्ये हायडेलबर्ग येथे पोहण्यात मिळविलेले सुवर्णपदक याच परंपरेतले. मज्जारज्जूची दुखापत झालेला माणूस दीर्घ आयुष्य जगू शकतो, ही गोष्ट त्या काळात प्रथम सिद्ध झाली. त्यामागे मोठी शस्त्रक्रिया नव्हती. मूत्राशय, आतडे आणि त्वचा यांची रोजची काटेकोर निगा होती.

आता उदाहरणाकडे परत येऊ. व्यापारी घरी आले, चाकांच्या खुर्चीवरून दुकानाचे हिशेब पाहू लागले. रुग्णालयातून निघताना त्यांना एक कार्ड मिळाले होते. त्यावर दुखापतीची पातळी आणि त्यांचा नेहमीचा रक्तदाब लिहिला होता: १००/६०. वरच्या पातळीची दुखापत झालेल्यांचा वरचा आकडा बहुधा ९० ते ११० च्या दरम्यानच राहतो. म्हणूनच तो नेहमीपेक्षा २० ते ४० ने चढला, तर तो या झटक्याचा इशारा समजावा, असे तज्ज्ञ सांगतात. शंभर ज्याचे नेहमीचे, त्याच्यासाठी एकशेतीसही मोठी वाढ आहे.

चौथ्या महिन्यात एका रात्री साडेदहाच्या सुमारास त्यांचे डोके घणाचे घाव पडावेत तसे ठणकू लागले. नाक चोंदले, कपाळावर घाम आला, दंडांवर काटा उभा राहिला आणि विनाकारण जीव घाबरा झाला. घरच्या यंत्रावर रक्तदाब १४२/८८ आणि नाडी ५६ भरली. शेजारचे काका म्हणाले, “एकशेबेचाळीस म्हणजे काही विशेष नाही. पित्त असेल. आडवे पडू द्या, दिवा मालवा.”

सल्ला सद्भावनेचा होता, आणि नेमका उलटा होता. आडवे केल्याने पायांतील रक्त वर येते आणि दाब आणखी चढतो. सुनेने कार्ड वाचलेले होते. तिने सासूबाईंच्या मदतीने सासऱ्यांना पलंगावर ताठ बसविले आणि दोन्ही पाय खाली सोडले. बसविल्याने रक्त पायांकडे उतरते आणि दाब थोडा तरी कमी होतो. हा उपाय एका मिनिटात होतो आणि त्याला औषध लागत नाही. त्यानंतर तिने लेंग्याची नाडी सैल केली, पोटाचा पट्टा काढला, मोजे काढले आणि युरोबॅगचा मांडीवरील पट्टा सोडला. मुलगा दर तीन मिनिटांनी रक्तदाब मोजून कागदावर लिहू लागला.

पुढचा शोध नेहमी मूत्राशयापासूनच सुरू करावा, कारण बहुतेक वेळा कारण तेथेच सापडते. सुनेने नळी वरपासून खालपर्यंत हाताने तपासली. पिशवी जवळजवळ रिकामी होती, आणि संध्याकाळपासून तिच्यात भर पडली नव्हती. मांडीखाली नळीला पीळ पडलेला दिसला. तो सोडविला तरी लघवी आली नाही. नळीत पांढरा गाळ होता. दरम्यान रक्तदाब १६८ वर गेला. मुलाने १०८ ला फोन लावला. सुनेला रुग्णालयात नळी धुण्याचे शिक्षण दिले होते. तिने कोमट केलेले १५ मिलिलिटर निर्जंतुक सलाईन अगदी हळू आत सोडले. त्यानेही प्रवाह सुरू झाला नाही, तेव्हा तिने पुन्हा पाणी सोडले नाही, कारण आधीच भरलेल्या मूत्राशयात आणखी भर घालणे म्हणजे दाब वाढविणे. ओटीपोट दाबून लघवी काढण्याचाही प्रयत्न केला नाही. तोही त्याच कारणाने घातक असतो.

नळी बदलणे हाच मार्ग उरला. गल्लीतील प्रशिक्षित परिचारिका पाच मिनिटांत आली. तिने जुनी नळी काढून आधी लिग्नोकेन जेली घातली आणि दोन मिनिटे थांबली. ही दोन मिनिटे फार महत्त्वाची असतात. रुग्णाला वेदना कळत नसली तरी खालच्या मज्जारज्जूला ती कळते. जागा बधिर न करता नळी घातली, तर झटका आणखी भडकतो. नवी नळी गेली आणि सातशे मिलिलिटर लघवी बाहेर आली. दहा मिनिटांत रक्तदाब ११२ वर उतरला, डोके थांबले. रुग्णवाहिका आली, तेव्हा ते बोलत होते. तरीही पुढील दोन तास रक्तदाब मोजणे चालू राहिले, कारण झटका परत येऊ शकतो. आणि दुसऱ्या दिवशी लघवीची तपासणी झाली, कारण गाळामागे जंतुसंसर्ग किंवा खडा असू शकतो.

ज्यांना कायमची नळी नसते आणि दर काही तासांनी नळी घालून मूत्राशय रिकामे करावे लागते, त्यांच्या बाबतीत अशा वेळी पुढच्या वेळेची वाट न पाहता लगेच जेली लावून नळी घालावी. मूत्राशय रिकामे असूनही दाब उतरला नाही, तर दुसरा संशय आतड्याचा. गुदद्वारात जेली लावून काही मिनिटे थांबावे आणि मगच मळ साठला आहे का ते हळुवार पाहावे. तपासताना दाब चढला, तर हात लगेच थांबवावा. तिसरा शोध त्वचेचा: बसण्याच्या जागी पडलेली जखम, आत वळलेले नख, मांडीखाली राहिलेली किल्ली, गरम पाण्याच्या पिशवीने झालेला भाजका चट्टा. ज्या भागात संवेदना नाही, तो डोळ्यांनीच पाहावा लागतो. स्त्रियांच्या बाबतीत प्रसूतीच्या कळांनीही हा झटका येतो, म्हणून गर्भारपणात प्रसूतितज्ज्ञांना दुखापतीची पातळी आधीच सांगून ठेवावी.

वरचा आकडा १५० च्या पुढे राहिला किंवा कारण सापडले नाही, तर औषधाची गरज असते आणि ते डॉक्टरांच्या देखरेखीखालीच द्यावे लागते. अशा वेळी लवकर चढणारे आणि लवकर उतरणारे औषध निवडतात, कारण कारण दूर होताच दाब आपोआप कोसळतो आणि औषधाचा परिणाम मागे राहिला तर उलट संकट ओढवते. नातेवाइकाच्या डबीतील रक्तदाबाची गोळी जिभेखाली ठेवण्याची घरगुती रीत येथे पूर्णपणे टाळावी. रुग्ण सिल्डेनाफिल किंवा टाडालाफिल घेत असेल, तर संकोच न करता डॉक्टरांना सांगावे. त्या औषधांबरोबर नायट्रोग्लिसरीन दिल्यास रक्तदाब जीवघेणा उतरू शकतो.

उपचार न झाल्यास या झटक्यातून आकडी, दृष्टिनाश, मेंदूत रक्तस्राव आणि मृत्यूही संभवतो. बोईसरहून मुंबईची मोठी रुग्णालये शंभर किलोमीटरच्या आसपास दूर आहेत, आणि हे सारे काही मिनिटांत घडते. शिवाय जवळच्या दवाखान्यातील डॉक्टरांनी असा रुग्ण पूर्वी पाहिलेला असेलच असे नाही. त्यांना १४० हा आकडा साधाच वाटला, तर त्यात त्यांचा दोष नाही. म्हणून कार्ड रुग्णाच्या खिशात आणि खुर्चीला, दोन्ही ठिकाणी हवे. त्यावर दुखापतीची पातळी, नेहमीचा रक्तदाब, चालू औषधे, आणि ‘ताठ बसवा, कपडे सैल करा, नळी तपासा, कारण शोधा’ एवढे शब्द मराठीत व इंग्रजीत असावेत.

आपल्या घरांपुरती एक गोष्ट वेगळी सांगावी लागेल. सूर्यास्तानंतर पाणी न घेण्याचा नियम पाळणाऱ्या रुग्णाच्या पोटात दिवसभरातही पाणी कमी गेले, तर लघवी दाट होते, नळीत गाळ धरतो आणि रात्रीच नळी तुंबते. दीर्घ उपवासात मळ घट्ट होतो. पाण्याचे दिवसाचे वेळापत्रक डॉक्टरांकडून लिहून घ्यावे, आणि उपवासाचा निर्णय त्यांना विचारूनच व्हावा.

घरातील किमान दोन व्यक्तींनी नळी तपासण्याचे आणि बदलण्याचे काम रुग्णालयातून निघण्यापूर्वी शिकून घ्यावे. रुग्ण बरा असताना आठवडाभर सकाळ-संध्याकाळ त्याचा रक्तदाब मोजून लिहून ठेवावा. ती त्याची आरंभीची शिल्लक. पुढच्या प्रत्येक आकड्याचा अर्थ तिच्यावरूनच लागेल.